पासपोर्टचं शेवटचं पान

सकाळी पावणेदहा

खेड तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत मी महसूल सहायक आहे. संगणक सुरू केला की आधी रात्रीत आलेले ऑनलाइन अर्ज बघायचे. बहुतेक अर्ज नेहमीचेच असतात. नव्या नावासाठी नमुना ६, नाव वगळायला ७, दुरुस्तीला किंवा पत्ता बदलायला ८. अधूनमधून एखादा ६अ येतो, तो मात्र मी बाजूला काढून सावकाश वाचते. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकानं मतदार म्हणून नाव घालायचं असेल तर हाच नमुना भरायचा असतो. आमच्या खेड-दापोली-मंडणगड पट्ट्यात कितीतरी घरांतला मुलगा, जावई नाहीतर दीर आखातात असतो, त्यामुळे हा अर्ज कसा भरायचा हे विचारायला माणसं येत राहतात.

पूर्वी या माणसांना वाटच नव्हती. यादीत नाव राहायला त्या पत्त्यावर सर्वसाधारणपणे राहत असणं लागतं, आणि वर्षानुवर्षं बाहेर असलेला माणूस त्यात बसत नव्हता. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०अ हे कलम घातलं गेलं आणि ते १० फेब्रुवारी २०११ पासून लागू झालं. नोकरी, शिक्षण किंवा अन्य कारणानं बाहेर असलेला, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व न घेतलेला भारतीय नागरिक आता नाव घालू शकतो. कुठे, हेही कायद्यानं ठरवून दिलंय. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता आहे, तिथेच.

साडेदहा

आजचा ६अ अबुधाबीहून आलाय. एसी दुरुस्तीच्या कामातला तंत्रज्ञ, वय सव्वीस. voters.eci.gov.in वर त्यानं परदेशस्थ मतदार म्हणून ईमेलवर खातं उघडलंय, त्यामुळे भारतातल्या मोबाइल नंबराची अडचण आली नाही. अर्ज नीट भरलाय. जन्मतारीख, वडिलांचं नाव, पासपोर्टचा क्रमांक, तो कुठे आणि कधी दिला, मुदत केव्हा संपते, बाहेर असण्याचं कारण, कधीपासून बाहेर आहे, तिथला सध्याचा पत्ता. फोटो रंगीत आणि अलीकडचा आहे.

आता जोडलेले कागद. फोटो असलेलं पहिलं पान आणि आई-वडिलांची नावं व पत्ता असलेलं शेवटचं पान, दोन्ही त्यानं सही करून स्वयंसाक्षांकित केलीत. मी शेवटच्या पानापासूनच सुरुवात करते. या अर्जात मतदारसंघ माणूस निवडत नाही, ते पान निवडतं. हा मुलगा वाढला मुंब्र्यात, त्याची आई अजूनही तिथेच राहते, पण पासपोर्ट काढताना घरच्यांनी खेड तालुक्यातल्या गावचा, आजोबांच्या घराचा पत्ता दिला होता. म्हणून त्याचं नाव मुंब्र्याच्या यादीत येणार नाही, गावच्याच यादीत येईल. त्याला मुंब्र्यातूनच मतदार व्हायचं असेल, तर आधी पासपोर्टवरचा पत्ता बदलून घ्यावा लागेल.

त्यातही आमच्या तालुक्याची एक गुंतागुंत आहे. खेडची काही गावं दापोली विधानसभेत आहेत, काही गुहागरमध्ये. पोर्टलवर मतदारसंघ निवडताना लोक ‘खेड’ शोधतात, ते यादीत सापडत नाही, मग अंदाजानं एक निवडतात. चुकीचा निवडला की अर्ज दुसऱ्याच मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जाऊन पडतो आणि तिथून फिरण्यात दिवस जातात. घरातल्या कुणाच्या मतदार ओळखपत्रावर मतदारसंघाचं नाव असतं, ते फोटो काढून मागवून घ्यावं. या मुलानं तसंच केलंय, कारण चुलत्याच्या कार्डाचा क्रमांकही त्यानं अर्जात दिलाय.

सव्वाअकरा

तिसरा कागद हवा असतो तो व्हिसाचा शिक्का असलेल्या पानाचा. इथे अर्ज अडला. त्यानं पासपोर्टची दोन कोरी पानं जोडलीत. त्याची चूक नाही. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून निवासी व्हिसाचं स्टिकर पासपोर्टवर लावणंच बंद झालंय, तिथलं ओळखपत्र हाच रहिवासाचा पुरावा. पण आमच्या नमुन्यात व्हिसाचा क्रमांक, प्रकार, दिल्याची तारीख, मुदत आणि देणाऱ्याचं नाव असे रकाने आहेत, आणि ते कशावरून भरले हे साहेबांना दिसायला हवं.

मी त्याला ईमेल केला. निवास परवान्याचा छापील कागद तिथल्या सरकारी ॲपवरून निघतो. ज्यावर हे सगळे तपशील आहेत तो कागद आणि ओळखपत्राच्या दोन्ही बाजू सही करून पाठवा. नुसतं कार्ड पाठवलं तर रकान्यातली माहिती ताडता येत नाही, म्हणून दोन्ही मागते. कागद चालेल की नाही हा निर्णय माझा नाही, पण फाइल पुढे जाताना ती अर्धी जाऊ नये एवढं मी बघू शकते.

बारा

खिडकीवर एक गृहस्थ आले. कुवेतला ड्रायव्हर आहेत, महिनाभराच्या रजेवर. सोबत मेहुणा. त्यांनी ६अ कागदावर भरून आणलाय. हेही चालतं. स्वतः येऊन द्या, पोस्टानं पाठवा किंवा ऑनलाइन भरा. स्वतः आलात तर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. मी प्रती मूळ पानांशी ताडल्या आणि पासपोर्ट तिथल्या तिथे परत दिला. कार्यालयानं तो ठेवून घ्यायचा नसतो.

“मॅडम, माझं जुनं कार्ड आहे. ते राहू दे, हे पण करा,” ते म्हणाले.

“दोन्ही नाही राहत, भाऊ. नाव दोन ठिकाणी ठेवता येत नाही. साध्या यादीतलं नाव कमी होईल आणि कार्ड जमा करावं लागेल.”

“मग नवीन कार्ड?”

“परदेशस्थ मतदाराला कार्ड देत नाहीत. मतदानाला मूळ पासपोर्ट घेऊन यायचं.”

ते जरा थबकले. ६अ द्यायचा की नाही हे मी त्यांच्यावर सोडलं, कारण हे खरंच विचार करून ठरवायचं आहे. कंत्राट संपवून सहा महिन्यांत कायमचे परत येणार असाल तर आत्ता ६अ भरून पुन्हा साध्या यादीत येण्याचा खटाटोप कशाला? पण वर्षानुवर्षं तिकडेच राहणार असाल, तर गावच्या पत्त्यावर राहतो असं दाखवत साध्या यादीत राहणं बरोबर नाही. यादीसाठी खोटं निवेदन दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ६अ मध्येच लिहून द्यावं लागतं, की भारतात परत राहायला आलो किंवा दुसरं नागरिकत्व घेतलं तर लगेच कळवीन.

मेहुण्यानं विचारलं, “कुवेतहून मत टाकता येईल ना? फोनवर नाहीतर दूतावासात?”

नाही. गावच्या केंद्रावर स्वतः यावं लागतं. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत मंजूर न होता २०१९ मध्ये व्यपगत झालं. टपाली मताचा प्रस्ताव आयोगानं २०२० मध्ये केंद्राकडे दिला, पण ती सोय अजून झालेली नाही. याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेला देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते आणि मत दिलं २,९५८ जणांनी. त्यातले बहुतेक केरळचे. मला हे आकडे टोचतात. इतकी कागदपत्रं करून यादीत आलेला माणूस मतदानाच्या दिवशी विमानाच्या तिकिटापाशी अडतो.

गृहस्थांनी अर्ज दिला. अजून चार-पाच वर्षं तिकडेच आहेत, म्हणाले. त्यांच्या घरी बायको-मुलं आहेत, त्यामुळे घरी होणारी पडताळणी सोपी जाईल.

तीन

जेवणानंतर सूचना फलकाचं काम. आलेल्या अर्जांची यादी लावली. सात दिवसांत कुणाची हरकत असेल तर ती येते. परदेशस्थ अर्जांवर हरकत क्वचितच येते, पण एकदा आलेली मला आठवते. अर्जदारानं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं होतं आणि गावाला ते ठाऊक होतं.

पाच

शाळा सुटल्यावर बीएलओ गुरुजींचा फोन आला. जिल्हा परिषद शाळेत शिकवतात, आणि एका यादी भागाचं काम त्यांच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात आलेल्या एका ६अ साठी ते अर्जदाराच्या घरी गेले होते. पासपोर्टवरचा पत्ता तपासायचा, घरात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडून लेखी निवेदन घ्यायचं, की हा आमचा माणूस, हे कागद त्याचेच.

“घराला कुलूप आहे,” गुरुजी म्हणाले. “शेजारच्या चाची म्हणतात, मुलगा चांगला ओळखीचा, मी सही देते.”

“चाची नात्यातल्या आहेत?”

“नाही.”

मग त्यांची सही चालत नाही. गुरुजींना मी एवढंच म्हटलं, की घर बंद असल्याची नोंद तारखेसह लिहा, शेजाऱ्यांनी सांगितलेलं वेगळं लिहा, पण ‘अर्जदार आढळला नाही’ असा शेरा मारू नका. परदेशस्थ अर्जदार घरी न आढळणं हेच तर अपेक्षित आहे. तो शेरा बघून कुणी घाईत अर्ज नामंजूर करू शकतो, आणि त्या माणसाला हजारो किलोमीटरवरून कारण शोधत बसावं लागेल.

अशा अर्जासाठी दुसरा मार्ग ठरलेला आहे. नातेवाईक मिळाले नाहीत, निवेदन द्यायला तयार नसले किंवा पडताळणीनं समाधान झालं नाही, तर कागद त्या देशातल्या भारतीय दूतावासाकडे पडताळणीला जातात. हा अर्जदार दुबईत आहे, म्हणून मी तिथल्या वाणिज्य दूतावासाच्या नावे पत्राचा मसुदा केला आणि पासपोर्टच्या प्रती जोडल्या. यात वेळ लागतो. म्हणून निवडणुकीच्या तोंडावर आलेला अर्ज मला काळजीत टाकतो. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस संपला की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही, दूतावासाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं तरीही. घर बंद असणाऱ्यांनी वर्षाच्या मधल्या निवांत महिन्यांतच अर्ज करावा, असं मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

सहा

अबुधाबीहून उत्तर आलं. निवास परवान्याचा कागद आणि कार्डाच्या दोन्ही बाजू, सगळ्यावर सही. व्हिसाचा क्रमांक अर्जातल्या रकान्याशी जुळला. खाली त्यानं विचारलंय, की गावी चुलते राहतात, त्यांनी काय तयार ठेवायचं?

मी लिहिलं, की स्वतःचं ओळखपत्र आणि तुमच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानाची प्रत. बीएलओ येतील तेव्हा घरी कुणीतरी असू द्या. निर्णय झाला की एसएमएस येईल आणि तुमच्या तिकडच्या पत्त्यावर पत्रही येईल, म्हणून खोली बदललीत तर कळवा. नाव आलं, तर ते तुमच्या गावच्या यादी भागात शेवटी, परदेशस्थ मतदारांच्या वेगळ्या विभागात दिसेल. चुलत्यांच्या नावाजवळ शोधू नका.

अर्ज त्या गावच्या बीएलओंच्या ॲपवर पाठवून मी संगणक बंद केला.