फिकट पिवळ्या रंगाचा अर्थ

टँकर वाशी किंवा ऐरोलीचा नाका ओलांडून मुंबईत शिरतो, तेव्हा दुधात युरिया आहे का हे झटपट तपासायला डीएमएबी हे अभिकर्मक हाताशी असतं. पाच मिली दूध, तेवढंच अभिकर्मक, आणि गडद पिवळा रंग आला की युरिया मिसळल्याची शंका. अडचण फिकट पिवळ्याची. युरिया निरोगी जनावराच्या दुधातही असतोच. चाऱ्यातल्या प्रथिनांपासून पोटात अमोनिया तयार होतो, यकृत त्याचा युरिया करतं आणि रक्तातला युरिया दुधात उतरतो. पेंड जास्त झाली की तो वाढतो. म्हणूनच नियमात शून्य नाही, १०० मिलीला ७० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्यात गाईचं दूध मुळातच पिवळसर, त्याची तुलना म्हशीच्या पांढऱ्या दुधाशी केली तर निष्कर्ष आधीच बिघडला.

तेव्हा एकटी नळी काहीच सांगत नाही. शेजारी दोन नळ्या हव्यात. एकीत त्याच जातीच्या जनावराचं खात्रीचं दूध. दुसरीसाठी एक ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून द्रावण १०० मिली करायचं आणि त्यातलं पाच मिली खात्रीच्या ९५ मिली दुधात घालायचं. वरून ५० मिलिग्रॅम पडले. मूळचे ३० असतील तर एकूण मर्यादेच्या जरा पुढे. नमुना पहिल्या नळीसारखा दिसला तर विषय संपला, दुसरीसारखा किंवा गडद दिसला तर प्रयोगशाळा. मधला असेल तर दूध आम्लाने फाडून, गाळून, नितळ निवळीवर चाचणी पुन्हा करावी. दुधाचा पांढुरकेपणा गेल्यावर रंग नीट वाचता येतो. घरी तूरडाळीचं किंवा सोयाबीनचं पीठ आणि लाल लिटमस वापरणाऱ्यांनी कागद पीठ घालण्याआधीही बुडवून पाहावा. तेव्हाच तो निळा झाला, तर शंका युरियाची नव्हे, सोड्याची.

यावर कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला, शंका आली की दूध ओतून द्यावं. घरापुरतं ठीक, पण आरोप करायचा तर हिशेब पाहावा. एफएसएसएआयच्या २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी धोकादायक भेसळ १२ मध्ये सापडली. समजा, चाचणी शंभरात दोनदाच चुकीचा इशारा देते; तरी एवढ्या नमुन्यांत सव्वाशेहून अधिक निर्दोष दूधवाले अडकतील. उलट, चाचणी स्वच्छ आली म्हणजे दूध शुद्ध, असंही नाही. नुसतं पाणी घातलं तर युरियाही पातळ होतो आणि नळी जास्तच निर्दोष दिसते. पाण्यासाठी फॅट आणि एसएनएफच मोजायला हवं.

शंका कायम राहिली, तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र तसं करणार असल्याचं विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं. फोडलेली, घरी दोन तास राहिलेली पिशवी तिथे चालत नाही.