एका मुलावरचा प्रयोग: पुरावा कसा उभा राहतो

विशेष शिक्षणातील एखादी पद्धत उपयोगी आहे का, हे तपासताना नेहमीचा मार्ग अनेकदा बंद असतो. दोन मोठे गट करून तुलना करायची, तर सारख्या गरजांची मुले पुरेशा संख्येने मिळत नाहीत. शिवाय गटाच्या सरासरीत एखाद्या मुलाची प्रगती झाकली जाते. म्हणून एकल-व्यक्ती प्रयोगात मुलाची तुलना त्याच्याशीच केली जाते. उपायाआधीचे त्याचे वर्तन आणि उपायानंतरचे वर्तन पुन्हा पुन्हा मोजून एका आलेखावर मांडतात. उपायाआधीच्या मोजणीला बेसलाइन म्हणजे पायाभूत टप्पा म्हणतात, उपाय सुरू असतानाच्या मोजणीला हस्तक्षेप टप्पा.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठाशी संबंधित आर. व्हान्स हॉल आणि सहकाऱ्यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या पद्धतीचे जुने आणि स्पष्ट उदाहरण आहे. त्यात रॉबी या नावाने नोंदलेला तिसरीतला एक मुलगा वर्गात अभ्यास सोडून रबरबँड ताणणे, खिशातल्या खेळण्यांशी खेळणे असे उद्योग करायचा. निरीक्षकाने वेळेचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यात तो अभ्यास करतो आहे की नाही, याची नोंद केली. पायाभूत टप्प्यात सरासरी 25 टक्के तुकड्यांतच अभ्यास आढळला. याच नोंदींतून आणखी एक गोष्ट दिसली. बाईंचे त्याच्याकडे जे लक्ष जाई, त्यातले निम्म्याहून अधिक तो अभ्यास करत नसताना जाई.

उपाय साधा होता. रॉबीने सलग एक मिनिट अभ्यास केला की निरीक्षक बाईंना खूण करी, मग बाई त्याच्यापाशी येऊन शाबासकी देत. इतर वेळी त्याच्या चाळ्यांकडे दुर्लक्ष केले जाई. अभ्यासाचे प्रमाण सरासरी 71 टक्क्यांवर गेले.

पण एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच आठवड्यात घरचे वातावरण बदललेले असू शकते, धडा सोपा असू शकतो, किंवा मूल आपोआप रुळलेले असू शकते. म्हणून शाबासकी थांबवण्यात आली. अभ्यास सरासरी 50 टक्क्यांवर उतरला आणि शाबासकी पुन्हा सुरू होताच 70 ते 80 टक्क्यांच्या घरात गेला. उपाय आला की वाढ, गेला की घट आणि परत आला की पुन्हा वाढ, असा बदल तीनदा उपायाच्या वेळेशी जुळला. दर वेळी दुसरेच कारण नेमके त्याच क्षणी येईल, हे संभवत नाही. पायाभूत, उपाय, पुन्हा पायाभूत आणि पुन्हा उपाय अशा या चार टप्प्यांच्या रचनेला ए-बी-ए-बी म्हणतात.

शाबासकी थांबल्यावरही प्रमाण मूळ 25 टक्क्यांपर्यंत उतरले नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. उपायाने लावलेली सवय काही अंशी टिकून राहते. मात्र जी गोष्ट एकदा आली की विसरली जात नाही, तिथे ही रचना निरुपयोगी ठरते. वाचायला शिकलेल्या मुलाला न शिकलेल्या अवस्थेत परत नेता येत नाही. स्वतःला इजा करणाऱ्या मुलाचा यशस्वी उपाय प्रयोगासाठी काढून घेणे तर नैतिकदृष्ट्या चुकीचे आहे.

अशा वेळी बहु-पायाभूत रचना वापरतात. समजा, तीन मुलांना जोडाक्षरे वाचायला शिकवायची आहेत. तिघांचीही मोजणी एकाच दिवशी सुरू होते, पण शिकवणी पहिल्याला सहाव्या दिवसापासून, दुसऱ्याला अकराव्या आणि तिसऱ्याला सोळाव्या दिवसापासून मिळते. ज्याची पाळी आली त्याचीच रेषा वर गेली आणि बाकीच्यांची तशीच सपाट राहिली, तर श्रेय शिकवणीचे. तिघांच्याही रेषा सहाव्या दिवशीच वर गेल्या, तर कारण दुसरीकडे शोधावे लागते.

फसगत बहुधा पायाभूत टप्प्यात होते. उपायाआधीच रेषा वर चढत असेल, तर नंतरची वाढ उपायाची की आधीच्या ओघाची, हे सांगता येत नाही. त्यामुळे रेषा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. अमेरिकेतील व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाऊसने 2010 मध्ये दिलेल्या निकषांत पूर्ण मान्यतेसाठी अशा रचनांच्या प्रत्येक टप्प्यात किमान पाच नोंदी अपेक्षित आहेत. दुसरा धोका मोजणाऱ्याचा. उपायावर विश्वास असलेल्या निरीक्षकाला सुधारणा अधिक दिसते. म्हणून काही सत्रांत दुसरा निरीक्षक स्वतंत्रपणे नोंदी करतो आणि दोघांच्या नोंदी साधारण 80 टक्के तरी जुळाव्यात असा दंडक आहे.

एका मुलावर सिद्ध झालेले सगळ्यांना लागू पडते, असे मात्र नाही. रॉबीला शाबासकी हवीशी होती, सर्वांसमोरच्या कौतुकाने संकोचणाऱ्या मुलावर तिचा परिणाम उलटा होऊ शकतो. त्यामुळे 2005 मध्ये रॉबर्ट हॉर्नर आणि सहकाऱ्यांनी अशी कसोटी सुचवली, की एखाद्या पद्धतीला पुराव्याचा आधार आहे असे म्हणण्यासाठी किमान पाच अभ्यास असावेत, ते किमान तीन वेगळ्या संशोधकांनी वेगळ्या ठिकाणी केलेले असावेत आणि त्यांत मिळून किमान 20 व्यक्ती असाव्यात.