पहिल्याच दिवशी पुसलेला डेटाबेस

जून 2017 मधली गोष्ट. पहिल्याच नोकरीवर रुजू झालेल्या एका नवख्या प्रोग्रॅमरच्या हाती कंपनीने सेटअपचा दस्तऐवज दिला. त्यातल्या पायऱ्या वाचत जायचे आणि आपल्या लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू करायचा, एवढेच काम होते. एका पायरीवर स्क्रिप्ट चालवून स्वतःपुरता वेगळा डेटाबेस बनवायचा होता आणि त्याचे युजरनेम-पासवर्ड पुढे वापरायचे होते. त्याऐवजी त्याने दस्तऐवजात नमुना म्हणून दिलेले युजरनेम-पासवर्ड टाकले. पण ते नमुन्याचे नव्हतेच, ग्राहकांची माहिती असलेल्या प्रॉडक्शन डेटाबेसचे होते. चाचण्या सुरू झाल्या. दोन चाचण्यांच्या मध्ये जुना डेटा पुसायचा, हा त्यांचा नेम. त्यात खरा डेटा गेला. बॅकअपही परत आणता येईना. वरिष्ठाने त्याला तिथल्या तिथे घरी पाठवले.

ही हकिकत त्या प्रोग्रॅमरनेच स्वतःचे आणि कंपनीचे नाव न देता सांगितली, म्हणजे ती एका बाजूची आहे. तरी ती खरी धरली, तर त्याला काढून कंपनीने काय साधले असेल? दस्तऐवजात खरा पासवर्ड त्याने लिहिला नव्हता. शिकाऊ माणसाच्या लॅपटॉपवरून प्रॉडक्शन पुसता येईल, अशी वाट त्याने मोकळी ठेवली नव्हती. बॅकअप परत आणून पाहायचे कामही त्याच्याकडे नव्हते.

जाणत्या टीममध्ये नमुन्याची फाइल अशी असते:

```
DB_HOST=localhost
DB_NAME=app_dev
DB_USER=
DB_PASSWORD=
```

`localhost` म्हणजे स्वतःचेच मशीन. पासवर्डची जागा रिकामी आहे. ती भरायला विसरले, तर सहसा जोडणीच होत नाही आणि चूक तिथेच कळते. खरी फाइल `.env` या नावाने ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर राहते, सामायिक कोडमध्ये जात नाही.

अॅक्सेसची खरी अडचण मात्र वेळेची. पुण्या-हिंजवडीच्या कुठल्याही आयटी कंपनीत विचारा. माणूस सोमवारी येतो, त्याच्या अॅक्सेसचे टिकेट सोमवारीच टाकले जाते आणि मंजुरी गुरुवारी मिळते. मग मधले तीन दिवस शेजारचा सहकारी आपलाच पासवर्ड देतो. इथे धोका सुरू होतो, कारण पुढे काही बिघडले तर नोंदीत त्या सहकाऱ्याचे नाव दिसते. म्हणून रुजू होण्याच्या आठवडाभर आधी मॅनेजरने टिकेट टाकावे: ईमेल, कोड, चाचणीचे सर्व्हर, सगळे त्या माणसाच्या स्वतःच्या नावाने. प्रॉडक्शनचा अॅक्सेस यादीत नसावा. पुढे गरज पडली तर आधी फक्त पाहण्यापुरता द्यावा.

समजा, पाच जणांच्या टीममध्ये सहावी व्यक्ती आली. सोमवारी तिने सेटअप करायचा आणि बडीने, म्हणजे नेमून दिलेल्या सहकाऱ्याने, शेजारी बसून फक्त पाहायचे. ती जिथे अडेल, तिथे दस्तऐवज अपुरा आहे. ती ओळ दुरुस्त करणे, हेच मंगळवारचे तिचे पहिले काम. यातून फाइल बदलणे, तपासणीला पाठवणे, मंजुरी मिळणे हा सगळा रस्ता तिच्या पायाखालून जातो आणि बिघडण्यासारखे काही नसते. बुधवारी तासाभराचे केटी सेशन, तेही ग्राहकाची एक मागणी कुठून कुठे जाते, एवढ्यापुरतेच. दिवसभर स्लाइड दाखवणारी केटी शुक्रवारपर्यंत कुणाच्या लक्षात राहते? गुरुवार-शुक्रवारी एक लहानसा बग. एट्सी या अमेरिकी कंपनीत तर नवा अभियंता पहिल्याच दिवशी वेबसाइटवर छोटा बदल चढवत असे. पण तिथे चाचण्यांची आणि बदल चढवण्याची यंत्रणा आधीच पक्की केलेली होती. ती नसताना नुसती प्रथा उचलण्यात अर्थ नाही.

भूमिका तोंडी सांगून भागत नाही. शंका बडीला विचारायच्या, कामाचा अग्रक्रम मॅनेजरला, बदलाची मंजुरी अमुक एका व्यक्तीकडून, हे नावांसकट लिहिलेले लागते. नाहीतर सगळे प्रश्न टीममधल्या सर्वात मनमिळाऊ माणसाकडे जातात आणि त्याचे स्वतःचे काम तुंबते. आयबीएममध्ये मोठा प्रकल्प हाताळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहिले होते की, रखडलेल्या प्रकल्पात माणसे वाढवली तर तो आणखी रखडतो. कारण शिकवण्याचा वेळ जुन्यांच्याच कामातून जातो, शिवाय संवादाच्या जोड्या वाढतात. पाच जणांत त्या 10 असतात, सहा जणांत 15. म्हणून त्या आठवड्यात बडीच्या वाट्याचे काम मॅनेजरने आधीच कमी करायला हवे. बहुतेक ठिकाणी नेमके हेच होत नाही.

बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. बुधवारपर्यंत नव्या व्यक्तीने एकही प्रश्न विचारला नसेल, तर तिला सगळे समजले असण्यापेक्षा ती कुठेतरी अडून बसली असण्याचीच शक्यता जास्त. शुक्रवारी बडीने अॅक्सेसची यादी घेऊन तिच्यासोबत अर्धा तास बसावे. काय मिळाले, काय अडले, काय लागलेच नाही, हे लिहून घ्यावे. जे लागले नाही ते काढून टाकावे आणि उरलेली यादी मॅनेजरकडे जपून ठेवावी. कारण ही व्यक्ती कधी टीम सोडून गेली, तर कुठली कुठली खाती बंद करायची, हे त्याच यादीतून कळणार असते.