गच्चीवर चढण्याआधी विचारायचे दोन प्रश्न

हाउसिंग सोसायट्यांना सोलर बसवून देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाचा बराचसा वेळ साइट व्हिजिटमध्ये जातो. गच्चीवर चढायचं, मापं घ्यायची, पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते पाहायचं, मग कोटेशन करायचं. एवढं झाल्यावर चेअरमन सांगतात, "आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे." हे सेक्रेटरींना पाठवलेल्या पहिल्या ईमेलमध्येच विचारता आलं असतं.

पण बहुतेक ईमेलमध्ये प्रश्न असतो तो असा: "आपल्याला वीजबिल कमी करायचं आहे का?" याला नाही कोण म्हणेल? ज्याचं उत्तर सगळे एकच देतात, त्या प्रश्नातून काहीच कळत नाही. उत्तरावरून आपलं पुढचं पाऊल बदलत असेल, तरच प्रश्न विचारावा.

कोथरूडमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीचं उदाहरण घेऊ. तिला दोनच प्रश्न पुरतात. पहिला: "लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरचं महिन्याला साधारण किती युनिट बिल येतं?" एक किलोवॉटची यंत्रणा महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देते आणि तिला शंभरेक चौरस फूट मोकळी गच्ची लागते. उत्तर १,५०० युनिट आलं, तर साडेबारा किलोवॉटचं काम आहे, भेटायला जावं. २५० आलं, तर दोन किलोवॉटचं. तेवढ्या कामात आपला खर्च निघतो का, हे ईमेल पाठवण्याआधीच ठरवून ठेवलेलं असावं. नाहीतर उत्तर आल्यावर मोह होतो.

दुसरा प्रश्न: "येत्या पाच वर्षांत पुनर्विकासाचा विचार आहे का?" यंत्रणेचे पैसे वसूल व्हायलाच काही वर्षं जातात, त्यामुळे इथे "हो" आलं, तर नम्रपणे थांबावं.

निर्णय कोणाच्या हातात आहे, हेही कळायला हवं. पण "निर्णय कोण घेतं?" असं विचारलं, तर सेक्रेटरींना ते लागतं. त्यापेक्षा त्यांनी उत्तर दिल्यावर, दुसऱ्या ईमेलमध्ये, "हा विषय सर्वसाधारण सभेत निघाला आहे का?" असं विचारावं. बजेटचं तर पहिल्या ईमेलमध्ये नकोच. किंमत माहीत नसताना कोणी आकडा सांगत नाही, आणि सांगितलाच तर तो अंदाजपंचे असतो.

प्रश्न सहा-सात झाले की ईमेल सरकारी अर्जासारखी दिसते आणि उत्तर येत नाही. फोनवरून एका ओळीत उत्तर देता येईल, एवढंच विचारावं.

उत्तर आलं नाही म्हणजे नकार, असं मात्र समजू नये. सेक्रेटरी नोकरी सांभाळून हे काम करतात. आठवड्याने एकदा आठवण करावी. आणि आलेल्या आकड्यावर विसंबून निघू नये. जाण्याआधी वीजबिलाचा फोटो मागवून घ्यावा.