दर कमी, बिल जास्त

घराच्या बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये कामं बांधकामाच्या क्रमाने गटवार मांडतात: खोदाई, काँक्रीट, वीटकाम, प्लास्टर, फरशी. खोदाई, काँक्रीट आणि जाड वीटकाम घनमीटरमध्ये, अर्ध्या विटेची भिंत व प्लास्टर चौरस मीटरमध्ये, तर सळई किलोत. सळई काँक्रीटच्या दरात मिसळू देऊ नका. ती किती धरली आहे, हे मग कळत नाही.

खरी गफलत मोजणीच्या नियमात होते. समजा, ४ बाय ३ मीटरच्या भिंतीत १.२ मीटरची चौरस खिडकी आहे. दोन्ही बाजूंचं प्लास्टर २४ चौ. मी. भरतं. आयएस १२०० या मोजणीच्या भारतीय मानकानुसार उघडा भाग अर्धा ते तीन चौ. मी. असेल, तर एकाच बाजूची वजावट होते आणि खिडकीच्या आतल्या कडा वेगळ्या मोजत नाहीत. उरतं २२.५६. एक कंत्राटदार ४०० रुपये दर लावतो, पण वजावट करत नाही: ९,६०० रुपये. दुसरा ४२० रुपये लावून नियमाने मोजतो: ९,४७५ रुपये. महाग वाटणारा दुसराच स्वस्त पडला.

म्हणून निविदा मागवतानाच परिमाणं आपल्या आर्किटेक्टकडून भरून घ्या, मोजणी आयएस १२०० प्रमाणे होईल असं लिहा आणि कंत्राटदारांकडून फक्त दर मागा.