डोंबिवली ते सीएसएमटी, पाच रिट

कायद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या वहीत एक तक्ता हमखास सापडतो. डावीकडे पाच रिटची नावं आणि त्यांच्यापुढे कुणाविरुद्ध, कधी, कशासाठी, असे रकाने. परीक्षेच्या आदल्या रात्री हा तक्ता फार उपयोगी पडतो. पण सकाळी सव्वासातच्या लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला आणि पाठीवरची सॅक पोटाशी घेतलेली असताना वही उघडता येत नाही. मग मुलं आदल्या रात्री तोच तक्ता मोबाइलमध्ये वाचून ठेवतात आणि गाडीत ऐकतात. मीही हे केलं आहे. ठाणं येईपर्यंत पाचही रिट एकमेकांत मिसळून गेलेली असायची.

यात आवाजाचा दोष नसतो. तक्ता पाहताना डोळा हवं तेव्हा मागे जातो, शेजारच्या रकान्यात डोकावतो. कानाला ती सोय नाही. तिसरी ओळ ऐकू येईपर्यंत पहिली निसटलेली असते, आणि गर्दीत खिशातून फोन काढून मागे नेणं कुणाला जमतं? म्हणून टिपणं नुसती वाचून चालत नाही, ती कानासाठी नव्यानं लिहावी लागतात.

त्याआधी वगळायचं काय ते ठरवावं. संविधानाचा अनुच्छेद ३२ सर्वोच्च न्यायालयाला आणि २२६ उच्च न्यायालयांना रिट काढण्याचा अधिकार देतो. देहोपस्थिती, महादेश आणि क्वाधिकार ही तीन रिट एकेका उदाहरणात लक्षात राहतात. बेकायदा डांबून ठेवलेला माणूस, कायद्यानं बंधनकारक असलेलं काम न करणारं सरकारी कार्यालय आणि पात्रता नसताना सार्वजनिक पदावर बसलेली व्यक्ती. एवढ्यावर पुढे जावं. खरा घोळ होतो तो प्रतिषेध आणि प्राकर्षण या जोडीत. दोन्ही अधिकाराबाहेर जाणाऱ्या न्यायालयाविरुद्ध किंवा न्यायाधिकरणाविरुद्ध वापरता येतात. वहीत ‘निकालापूर्वी’ आणि ‘निकालानंतर’ एवढाच फरक दोन रकान्यांत लिहिलेला असतो. तो कानासाठी असा मांडता येईल :

‘एक न्यायाधिकरण आहे. जो वाद ऐकण्याचा त्याला अधिकारच नाही, तो वाद ते ऐकत बसलंय. निकाल अजून लागलेला नाही. तुम्ही उच्च न्यायालयात गेलात. कोणतं रिट मागाल?’

इथे सात सेकंद गप्प राहायचं.

‘प्रतिषेध, म्हणजे प्रोहिबिशन. काम चालू आहे, ते थांबवायचंय. आता समजा, तुम्ही पोहोचायच्या आत निकाल लागून गेला. आता काय मागाल?’

पुन्हा सात सेकंद.

‘प्राकर्षण, म्हणजे सर्शिओरारी. थांबवायला काही उरलं नाही, झालेला आदेश रद्द करायचाय.’

ती सात सेकंदं रेकॉर्ड करताना फार लांब वाटतात, म्हणून बहुतेक जण ती दोनवर आणतात. तसं करू नये. उत्तर स्वतः आठवायचा प्रयत्न त्या शांततेतच होतो. रोडिजर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर आठवून पाहणारे पुढे असतात. नुसतं ऐकत राहिलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असा समज होतो.

आकडे हा वेगळाच त्रास. गाडीच्या खडखडाटात ‘एकोणतीस’ आणि ‘एकोणचाळीस’ यांतला फरक बुडतो. त्यामुळे आकडा दोनदा म्हणावा, दुसऱ्यांदा सुटा : ‘अनुच्छेद दोनशे सव्वीस. दोन, दोन, सहा.’ कंस, बाण आणि ‘वरीलप्रमाणे’ हे शब्द तर काढूनच टाकावेत. ऐकणाऱ्याला ‘वर’ काहीच दिसत नसतं.

एका फाइलमध्ये एकच गोष्ट ठेवावी, तीन-चार मिनिटांची. म्हणजे मध्येच कुणी ‘उतरणार का?’ विचारलं आणि धागा तुटला, तर तेवढाच तुकडा पुन्हा लावता येतो. रेकॉर्डिंग करताना फोन तोंडापासून वीतभर दूर आणि जरा बाजूला धरावा, नाहीतर प्रत्येक ‘फ’ आणि ‘भ’ला फुंकर ऐकू येते. इअरफोन एकाच कानात ठेवला की पुढच्या स्टेशनची घोषणाही कळते.

काही गोष्टी या वाटेनं जात नाहीत. कलमाचा शब्दशः मजकूर, लांब आकडेमोड, नकाशा यांना वहीच हवी. बाकीचं साधलं की नाही, हे उतरल्यावर समजतं. प्लॅटफॉर्मवरून कॉलेजकडे चालताना ते न्यायाधिकरणाचं उदाहरण कुणाला तरी सांगून पाहावं. सांगताना ‘निकाल लागला होता की नव्हता?’ इथे अडखळायला झालं, तर संध्याकाळच्या परतीच्या गाडीत तीच फाइल लावावी.