ईदीला कोडिंगची भेट: पुस्तक, किट की कोर्स?

तलवाड्यात कोडिंगचं वेड असलेल्या मुलाला किंवा मुलीला ईदीला काय द्यायचं, हे आधी घरात लॅपटॉप आहे का यावर ठरतं. फक्त मोबाईल असेल तर पायथॉनचं पुस्तक घ्या. लाईट गेली तरी वाचता येतं.

सबस्क्रिप्शनची घाई नको. हार्वर्डचा सीएस५० आणि सरकारच्या स्वयमवरचे कोर्स फुकट शिकता येतात. स्वयमवर पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. शिवाय बऱ्याच सबस्क्रिप्शन आपोआप रिन्यू होतात, आणि अब्बूंना कळतं ते खात्यातून पैसे गेल्यावर!

लॅपटॉप असेल तर माझं मत अर्डुइनो उनोच्या किटला. स्वस्त बोर्डावर बहुधा CH340 चिप असते. तिचा ड्रायव्हर नसेल तर `Tools > Port` मध्ये बोर्ड दिसत नाही आणि पोरांना वाटतं, किटच खराब आलं. ड्रायव्हर टाकूनही दिसेना, तर केबल बदला. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.

किटमध्ये मातीचा ओलावा मोजणारा दोन काट्यांचा सेन्सर असेल तर तो कुंडीत लावा. मात्र सतत चालू ठेवला की काटे गंजतात. म्हणून त्याची वीज ५ व्होल्टच्या पिनऐवजी ७ नंबरच्या पिनवरून द्यायची आणि मोजण्यापुरतीच `digitalWrite(7, HIGH);` करायची.